54 एकरांच्या आत आहात, असं एजंट म्हणतो; पण मोजलं कसं?

प्रश्न : "वडिलांच्या नावावर नदीकडची 12 एकर बागायत आणि माळावरची 22 एकर जिरायत आहे. बायकोला माहेरची 3 एकर बागायत आली आहे. आम्ही दोघे भाऊ, दोघांचीही लग्नं झालीत, बहीण नाही. शेजारची 6 एकर बागायत माझ्या नावावर घ्यायची आहे. तिच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 आणि सीलिंगचा शेरा आहे. एजंट म्हणतो, सगळी मिळून 43 एकर होते, मर्यादा 54 ची आहे, साठेखत करून ताबा घ्या. घेऊ का?"

साठेखत, म्हणजे पुढे खरेदी देण्याचा करार, करू नका. एवढं आधी सांगतो आणि मग कारणं सांगतो, कारण एजंटच्या एका वाक्यात दोन वेगळ्या चुका आहेत. तुम्ही मर्यादेत बसता का, हा एक प्रश्न. समोरची जमीन विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुधा तुमच्या बाजूचं निघेल. दुसऱ्याचं आजच्या घडीला नाही.

मी कोल्हापुरात महसुली दाव्यांचं काम बघतो. "54 एकर" हा आकडा आपल्याकडे घराघरांत पाठ आहे, पण तो फक्त जिरायतीचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजेच सीलिंगचा कायदा, 1961 चा. आज लागू असलेल्या मर्यादा मात्र 1975 च्या दुरुस्तीने आल्या आणि 2 ऑक्टोबर 1975 पासून अमलात आल्या. बारमाही खात्रीचं पाणी असून वर्षात किमान दोन पिकं निघतात अशा जमिनीला 18 एकर. एका पिकापुरतं खात्रीचं पाणी असेल तर 27. पाण्याची खात्री नसलेल्या हंगामी ओलिताला 36. कोरडवाहूला 54. कोकणासारख्या काही भागांत कोरडवाहू भातजमिनीलाही 36 ची मर्यादा आहे.

घरात दोन-तीन प्रकारची जमीन असली की सगळी कोरडवाहूच्या मापात आणून बेरीज करतात. 54 ला 18 ने भागलं की दिसतं, बारमाही बागायतीचा 1 एकर म्हणजे कोरडवाहूचे 3. एका पिकाच्या ओलिताचा 1 एकर म्हणजे 2, आणि हंगामीचा 1 म्हणजे दीड. एजंटने 12, 22, 3 आणि 6 यांची सरळ बेरीज केली. कायद्याच्या मापाने वडिलांचीच 12 एकर बागायत 36 होते, त्यात माळाची 22 मिळवली की 58. बायकोची 3 म्हणजे 9. नवी 6 म्हणजे 18. सगळं एका पारड्यात टाकलं तर 85.

घाबरू नका, कारण सगळं एका पारड्यात जात नाही. मर्यादा लागते ती कुटुंब घटकाला, आणि कायद्यातला कुटुंब घटक आपल्या चुलीवरच्या कुटुंबापेक्षा लहान असतो. नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली, एवढीच माणसं त्यात येतात. सज्ञान मुलगा बापाच्या घटकात मोडत नाही, मग तो त्याच घरात जेवत असला आणि 8अ च्या खाते उताऱ्यावर त्याचं नावही नसलं तरी. म्हणजे तुमच्याकडे तीन घटक आहेत: आईवडील, तुम्ही-बायको-मुलं आणि तुमच्या भावाचं घर. बायकोची माहेरची जमीन मात्र तुमच्याच घटकात येते. ती तिच्या नावावर आहे, तिच्या भावांनी दिली आहे, असली कारणं इथे चालत नाहीत. घटकातल्या प्रत्येकाची जमीन एकत्र धरतात. घटकात पाचपेक्षा जास्त माणसं असतील तर प्रत्येक जादा माणसामागे मर्यादेचा पाचवा हिस्सा वाढवून मिळतो, एकूण दुपटीपर्यंत. तो मुद्दा तुम्हाला लागू दिसत नाही.

वडिलांच्या नावावरची 58 मात्र नुसत्या सातबाऱ्यावरून वाटता येत नाही. ती जमीन त्यांच्याकडे कशी आली, यावर सगळं अवलंबून आहे. वडिलोपार्जित असेल तर वाटणी झालेली नसली तरी, झाली असती तर ज्याला जो हिस्सा गेला असता, तो त्याच्या घटकात धरतात. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर तुम्हा भावांचा त्यात आज काही हिस्सा नाही. ती पूर्ण आईवडिलांच्या घटकात राहते. सगळीच जमीन वडिलांची स्वकष्टार्जित निघाली तर तो घटक 54 च्या वर 4 एकर कोरडवाहूने जादा आहे.

इथे एक बारकावा असा की आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, असं लोक समजतात. आजोबांनी स्वतः खरेदी केलेली जमीन असेल आणि ते हिंदू वारसा कायदा आल्यानंतर, म्हणजे 17 जून 1956 नंतर वारले असतील, तर ती वडिलांकडे वारसाने त्यांची स्वतःची म्हणून येते. नातवांना जन्मतः हक्क मिळत नाही. पणजोबांपासून न वाटता चालत आलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मी अशीलाला आधी आजचा सातबारा मागत नाही, जुने फेरफार मागतो. वारस नोंदीचा फेरफार आणि खरेदीचा फेरफार वेगळा ओळखू येतो, आणि गटाच्या आधीचा सर्व्हे नंबर धरून मागे गेलं की जमीन घरात कधी आणि कशी शिरली, ते कळतं.

तुमच्या आकड्यांवर एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, बागायतीतली 7 एकर आणि जिरायतीतली 14 एकर पणजोबांपासूनची आहे. उरलेली 5 एकर बागायत आणि 8 एकर जिरायत वडिलांनी घेतली. पहिल्या भागाचे 21 अधिक 14 म्हणजे 35. दुसऱ्याचे 15 अधिक 8 म्हणजे 23. वडिलोपार्जित 35 चे वडील, आई आणि दोघे मुलगे असे चार हिस्से केले की प्रत्येकी पावणेनऊ. आईवडिलांच्या घटकात दोन हिस्से, साडेसतरा, अधिक वडिलांची स्वतःची 23, मिळून साडेचाळीस. मर्यादेच्या आत. तुमच्या घटकात तुमचे पावणेनऊ आणि बायकोचे 9, म्हणजे पावणेअठरा. त्यात नवी 6 एकर बागायत, म्हणजे 18, मिळवली तरी पावणेछत्तीस. म्हणजे खरेदीच्या दिवशी तुम्ही आत आहात.

पण त्याच हिशेबात पुढचंही बघा. उद्या आईवडिलांच्या पश्चात त्यांची सगळी जमीन तुम्हा दोघा भावांत निम्मी निम्मी आली, तर 58 चे निम्मे 29 तुमच्याकडे येतात. त्यात बायकोचे 9 आणि नव्या खरेदीचे 18 मिळवले की 56. म्हणजे 2 एकराने बाहेर. वारसाने आलेली जमीनही मर्यादेत मोजतात आणि ओलांडली तर आपल्या सगळ्या जमिनीचं विवरण मुदतीत सरकारकडे भरावं लागतं. "मी कुठे विकत घेतली" हे उत्तर होत नाही. तोवर तुमची मुलं सज्ञान झाली असतील तर वडिलोपार्जित भागात त्यांचे हिस्से वेगळे पडतील आणि आकडा पुन्हा खाली येईल. मुलांची वयं तुम्ही लिहिलेली नाहीत, म्हणून हा भाग तुम्हीच घरी बसून पडताळा.

दुसरी गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे ती पाण्याची. तुमच्या 12 एकरांना मी बारमाही धरलं, कारण नदीकाठ म्हटल्यावर ऊस आलाच. पण वर्ग ठरतो तो पाणी कुठून येतं आणि ते किती पिकांना खात्रीने मिळतं यावर. पंचगंगेवर किंवा दूधगंगेवर बंधाऱ्याच्या फुगवट्यातून उपसा असेल, पाटबंधारे खात्याचा परवाना असेल, पाणीपुरवठा संस्था असेल, तर परवान्यात काय लिहिलंय ते बघा. एका पिकापुरतीच खात्री निघाली तर 12 चे 36 न होता 24 होतील आणि वडिलांची एकूण 58 ऐवजी 46 भरेल. स्वतःच्या विहिरीवरचं ओलीत असेल तर ते नदीच्या उपशाबरोबर एकाच ओळीत बसवू नका, त्याचा वर्ग वेगळा तपासावा लागतो. आणि उलटही लक्षात ठेवा: जिरायत म्हणून दाखवलेल्या गटाच्या पीकपाहणीत वर्षानुवर्षं ऊस लागलेला असेल तर तो कागद तुमच्याविरुद्ध बोलतो. मागाहून योजना येऊन माळाचं बागायत झालं आणि त्यामुळे मर्यादा ओलांडली, तरी विवरण देण्याची जबाबदारी येतेच.

8अ चा उतारा बघून मोजणाऱ्यांचं हमखास चुकतं, कारण तो गावापुरता असतो. दोन गावांत जमीन असली तर दोन उतारे. सीलिंग मात्र माणसाच्या मागे जातं, गावाच्या नाही. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडच्या मंडळींची जमीन हद्दीपलीकडे कर्नाटकातही असते, आणि ती हिशेबातून सुटते असा एक समज आहे. कायदा राज्याबाहेरची धारणाही विचारात घेतो. पोटखराब्याचं क्षेत्र मात्र लागवडीलायक नसेल तर वजा मागावं. माळाच्या 22 एकरांत ते थोडंथोडकं नसणार.

आता त्या 6 एकरांकडे येऊ. सीलिंगचा शेरा कुठून आला, ते कळलं की एजंटचा सल्ला का वाईट आहे ते आपोआप कळेल.

1975 नंतर ज्यांची जमीन मर्यादेबाहेर होती त्यांना विवरणं भरावी लागली. जादा जमीन ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे चौकशी झाली. लोकांनी आधीच खरेदीखतं आणि वाटण्या करून टाकलेल्या असणार, हे सरकारला माहीत होतं. म्हणून 26 सप्टेंबर 1970 ही तारीख कायद्यात घातली. त्या दिवसानंतर आणि दुरुस्ती लागू होण्याआधी केलेले व्यवहार आणि वाटण्या, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा चुकवण्यासाठीच केले असं धरून ती जमीन मूळ मालकाच्याच खात्यात मोजली गेली. जुन्या फायलींत निम्मी भांडणं याच तारखेभोवती फिरताना दिसतात. कुटुंब घटकाच्या या व्याख्येलाच आव्हान दिलं गेलं होतं, पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली.

जादा क्षेत्र ठरलं की कोणती जमीन ठेवायची आणि कोणती सोडायची, हे निवडण्याची संधी मालकाला मिळे. स्वाभाविकच काळी राखली गेली आणि माळ, खडकाळ, ओढ्याकाठची धूप झालेली जमीन सरकारला गेली. मग कलम 21 खाली जाहीरनामा, त्यानंतर प्रत्यक्ष ताबा, आणि ताबा घेतला त्या दिवसापासून जमीन बोजामुक्त होऊन सरकारची. मालकाला नुकसानभरपाई मिळे ती जमिनीच्या शेतसाऱ्याच्या पटीत, बाजारभावाने नव्हे, आणि बरीचशी रोख्यांच्या रूपात. आजही कोणी मर्यादेबाहेर खरेदी केली तर बाजारभाव मोजून घेतलेली जमीन साऱ्याच्या पटीत सोडावी लागते. ती खरेदी मुद्दाम केल्याचं निघालं तर तेवढंही हाती राहत नाही.

सरकारजमा झालेली जमीन कलम 27 खाली वाटली गेली. भूमिहीन शेतमजूर आणि माजी सैनिक अशांना प्राधान्य होतं, आणि वाटपातली निम्मी जमीन अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि मागासवर्गीय भूमिहीनांसाठी राखीव होती. मिळालेल्या माणसाने ठरलेली किंमत हप्त्यांनी भरायची आणि स्वतः कसायची. त्याबरोबर कलम 29 ची अट लागली: जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल, भाडेपट्टा यातलं काहीही नाही, आणि आपसांत वाटपही नाही. भोगवटादार वर्ग 2 आणि इतर हक्कातला तो शेरा म्हणजे हीच अट. विकणारा माणूस त्या जमिनीचा वारस असेल, चाळीस वर्षं कसत असेल, तरी अट वारसासोबत खाली येते. काळ लोटला म्हणून ती विरत नाही.

परवानगीशिवाय झालेला व्यवहार बेकायदेशीर ठरतो आणि शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट म्हणतो त्या पद्धतीत नोटरी केलेलं साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, पूर्ण रक्कम आणि ताबा असतो. महसूल खात्याच्या नजरेत हा हस्तांतरणाचाच प्रकार आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या सहीने पुरावा करून देता. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला तरी मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करत नाही. पाच-सात वर्षांनी विकणाऱ्याच्या घरातला दुसरा वारस तक्रार करतो, प्रांताकडून नोटीस येते, आणि तुमच्या हातात विकणाऱ्याकडून पैसे वसूल करण्याचा दावा, एवढंच उरतं. पैसे एव्हाना लग्नात किंवा कर्जात गेलेले असतात.

परवानगीचा मार्ग आहे, तो वेळखाऊ आहे. अर्ज विकणाऱ्याने करायचा असतो. तो तहसील, प्रांत यांच्या अहवालांतून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, अटी आणि नजराणा, म्हणजे परवानगीसाठी सरकारला भरायची रक्कम, तिथे ठरतो. तुम्हाला खरंच जमीन हवी असेल तर विसाराची रक्कम लहान ठेवा, ताबा घेऊ नका, आणि परवानगी मिळाल्यावरच खरेदीखत असं लिहून घ्या. नजराणा कोण भरणार, हे आत्ताच ठरवा. बहुतेक सौदे शेवटी याच मुद्द्यावर मोडतात.

अर्ज करण्याआधी त्या गटाचा पूर्ण इतिहास काढा. सीलिंगच्या फेरफारावर केसचा नंबर आणि आदेशाची तारीख असते. त्यावरून अभिलेख कक्षातून तीन कागदांच्या नकला मागा: जादा ठरवल्याचा आदेश, ताबेपावती आणि वाटपाचा आदेश. गावच्या 1-क नोंदवहीतही ती जमीन दिसायला हवी. ताबेपावती वरवर चाळू नका. शिरोळकडच्या एका प्रकरणात पावतीवर गटाच्या उत्तरेकडचे 2 एकर लिहिलेले होते, चतुःसीमेत ओढा होता, आणि वाटप मिळालेलं कुटुंब मात्र तीस वर्षं दक्षिणेकडचा तुकडा कसत होतं. उत्तरेकडे मूळ मालकाच्या नातवाचा ऊस उभा होता. सातबारा बरोबर, ताबा चुकीचा. अशी जमीन परवानगी घेऊन विकत घेतली तरी भांडण विकत घेतल्यासारखं आहे. मोजणी मागवून ताबेपावतीशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ मालकाची सीलिंग केस खरोखर संपली आहे का, हेही बघा. महसूल न्यायाधिकरणात अपील होऊन प्रकरण फेरचौकशीला परत आल्याची, आणि तोवर खाली वाटप होऊन गेल्याची उदाहरणं आहेत. इतर हक्कात तशी नोंद असेलच असं नाही. मूळ मालकाच्या वारसांच्या बाकी गटांचे फेरफार बघितले की सुगावा लागतो.

तुमच्या घरच्या बाजूने शेवटचं एक. सगळी जमीन वडिलांची स्वकष्टार्जित निघाली आणि घटक 4 एकराने जादा ठरला, तर कोणीतरी जुन्या स्टॅम्पवर मागच्या तारखेचं वाटणीपत्र करून देतो म्हणेल, किंवा आजच तुमच्या नावावर बक्षीसपत्र करा म्हणेल. पहिलं खोटा दस्त आहे. दुसऱ्याला कलम 8 आडवं येतं: मर्यादेबाहेर धारणा असलेल्याला जादा क्षेत्र ठरेपर्यंत हस्तांतरण करता येत नाही. तशी वेळ आली तर आधी पोटखराबा वजा करून आणि पाण्याचा वर्ग तपासून खरा आकडा काढा. 4 एकर कोरडवाहू म्हणजे बागायतीचा सव्वा एकराहून थोडा जास्त, आणि माळाचा पोटखराबाच तेवढा भरण्याची शक्यता चांगली आहे. जुने फेरफार आणि पाणी परवाना हातात आले की त्यांचे तपशील इथेच लिहा. मग 58 चा आकडा टिकतो की नाही, ते नेमकं सांगता येईल.